दोन डोस, चौदा दिवस आणि लोकलचा पास

मुंबईच्या लोकलमध्ये दोन डोस घेतलेल्यांनाच चढू द्यायचे, हा ऑगस्ट २०२१ चा निर्णय बरोबरच होता, असे ठासून सांगणारे लोक अजून भेटतात. त्यांत डॉक्टर असतात, निवृत्त अधिकारी असतात, आणि त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. लोकलची दारे बंद केली म्हणून लोक लसीकरण केंद्रांकडे धावले. देवीसुद्धा सक्तीनेच गेली. हेल्मेटची सक्ती चालते, तर लशीची का नको? तेव्हा पुढची साथ येईल त्या वेळी हाच नियम पहिल्या दिवसापासून लावावा. यातला शेवटचा सल्ला मला धोक्याचा वाटतो, म्हणून हा प्रतिवाद.

लशीच्या गुणावर माझे या मंडळींशी भांडण नाही. कोविडच्या लशींनी माणसे मरणापासून वाचवली, आणि मी स्वतः वेळ येताच दोन्ही डोस घेतले. वाद आहे तो त्यापुढच्या उडीवर. लस चांगली आहे, म्हणून सरकारला तिची सक्ती करता येते, हे मला मान्य नाही. रक्तदाबाची गोळीही चांगलीच असते. ती रोज गिळली नाही म्हणून कुणाला गाडीतून उतरवत नाहीत. माझ्या शरीरात सुई घालण्याचा हक्क सरकारला मिळालाच, तर तो माझ्या भल्यासाठी नव्हे, माझ्या शेजारी बसलेल्या माणसासाठी मिळतो. माझ्या डोसाने त्या शेजाऱ्याचा धोका जेवढा कमी होतो, तेवढाच सरकारचा हक्क. त्याच्या पलीकडे समजावणे, जाहिरात करणे, घरापर्यंत लस पोचवणे हे सगळे सरकारने खुशाल करावे. अडवणूक करू नये.

आता लोकलचा नियम या कसोटीवर घासून पाहू. १५ ऑगस्ट २०२१ पासून सामान्य प्रवाशाला लोकलचा मासिक पास मिळू लागला. अट अशी की दोन डोस झालेले असावेत आणि दुसऱ्या डोसाला चौदा दिवस उलटलेले असावेत. प्रमाणपत्र आणि ओळखपत्र घेऊन स्टेशनवरच्या पालिकेच्या मदत कक्षात जायचे, तिथे शिक्का मारून घ्यायचा, आणि मग तिकीट खिडकीवर पास काढायचा. कागदावर सगळे सुटसुटीत होते.

नालासोपाऱ्याहून अंधेरीला एखाद्या गोदामात कामाला जाणारा पंचविशीतला मुलगा डोळ्यांसमोर आणा. तो लस घ्यायला एका पायावर तयार आहे. १ मे २०२१ ला १८ ते ४४ वयाच्या लोकांचे लसीकरण सुरू झाले खरे, पण कुप्याच नव्हत्या म्हणून राज्याने ते १२ मेपासून थांबवले. अठरा वर्षांवरच्या सगळ्यांसाठी सरकारी केंद्रे पुन्हा उघडली ती २२ जूनला. समजा, हा मुलगा त्याच दिवशी पहाटे रांगेत उभा राहिला आणि त्याला कोविशील्ड मिळाली. कोविशील्डच्या दोन डोसांत तेव्हा किमान ८४ दिवसांचे अंतर सक्तीचे होते. त्याआधी कोविनवर नोंदच होत नसे. म्हणजे दुसरा डोस लवकरात लवकर १४ सप्टेंबरला. त्यावर चौदा दिवस धरले की २८ सप्टेंबर उजाडतो. सरकारने सांगितलेली एकही गोष्ट त्याने चुकवलेली नाही. तरी नियम लागू झाल्यापासून सहा आठवडे त्याला लोकल बंद. आणि हे सगळे जमून आले तर. त्या दिवसांत मुंबईतली पालिकेची केंद्रे साठा नाही म्हणून मधूनमधून बंदच असत.

याच मुलाच्या खिशात पैसे असते, तर चित्र वेगळे झाले असते. खासगी रुग्णालयात कोव्हॅक्सिनचा एक डोस जास्तीत जास्त १,४१० रुपयांना मिळत होता, आणि तिच्या दोन डोसांतले अंतर होते फक्त २८ दिवसांचे. २२ जूनला पहिला, २० जुलैला दुसरा, ३ ऑगस्टला चौदा दिवस पूर्ण. १५ ऑगस्टला पहिल्या गाडीने साहेब कामावर. म्हणजे २,८२० रुपये मोजता येणारा आणि न येणारा, असा हा भेद होता. लस घेणारा आणि नाकारणारा असा तो नव्हताच. ‘लोक धावले’ असे जे म्हणतात, त्यांना मी एवढेच विचारेन की कुठे धावले? केंद्रांबाहेर ‘आज लसीकरण बंद’चा फलक असताना नकार देणाऱ्यांना वठणीवर आणायची गोष्ट कुठून आली?

बरे, ज्याला लोकल बंद, त्याने काय केले? तो बेस्टच्या बसमध्ये चढला. बस ७ जूनपासून सर्वांना खुली होती आणि त्या ऑगस्टमध्ये कंडक्टर कुणाचे प्रमाणपत्र मागत नव्हता. बसमध्ये दोन डोसांचा नियम आला तो नोव्हेंबरच्या अखेरीस. जो मुलगा लोकलमध्ये इतरांना धोका होता, तोच मुलगा दोन बस बदलत, दुप्पट वेळ, खिडक्या बंद करून पावसात बसलेल्या साठ माणसांत धोका नव्हता, असे मानायचे काय? शेजाऱ्याचे रक्षण हा जर नियमाचा प्राण असेल, तर तो प्राण चर्चगेटला होता आणि बस डेपोत नव्हता, याचे उत्तर कुणीतरी द्यायला हवे होते.

त्याहून मोठी अडचण शास्त्राची होती. जुलै २०२१ च्या शेवटी अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने मॅसॅच्युसेट्समधल्या प्रोव्हिन्सटाउन या किनाऱ्यावरच्या गावातल्या उद्रेकाचा अहवाल छापला. तिथल्या ४६९ रुग्णांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांचे लसीकरण पूर्ण झालेले होते, आणि डेल्टाची लागण झालेल्या लस घेतलेल्यांच्या नाकातला विषाणूचा भार न घेतलेल्यांच्या जवळपास होता. यावरून लस निरुपयोगी ठरत नाही. त्या गावात लस घेतलेलेच लोक जास्त होते, आणि गंभीर आजारापासून लस तेव्हाही भक्कम संरक्षण देत होती. पण लस घेतलेला माणूस पसरवतच नाही आणि न घेतलेला पसरवतो, ही सरळ रेघ त्या अहवालाने पुसली. आपल्याकडचा आदेश त्यानंतर दहा-बारा दिवसांनी निघाला. पुढे डिसेंबरात ओमायक्रॉन आला आणि रेघेचा उरलासुरला ठिपकाही गेला. नियम मात्र मार्च २०२२ च्या अखेरपर्यंत टिकला.

न्यायालयांनी हेच दोन अंगांनी पाहिले. मुंबई उच्च न्यायालयासमोर प्रश्न होता कार्यपद्धतीचा. आपत्ती व्यवस्थापनाच्या नियमांनुसार असा निर्णय राज्य कार्यकारी समितीने रीतसर घ्यायचा असतो. तत्कालीन मुख्य सचिवांनी १५ जुलै, १० ऑगस्ट आणि ११ ऑगस्टला काढलेले आदेश त्या रीतीला सोडून होते, असे मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सुनावले. राज्याने ते आदेश मागे घेण्याची तयारी दाखवली आणि १ मार्चला नव्या आदेशात तीच अट पुन्हा घातली. न्यायालयाने नाराजी व्यक्त केली. ‘कागदपत्रांचा घोळ’ म्हणून ही बाब उडवून लावणारे भेटतात. पाऊण कोटीच्या आसपास लोक ज्या गाड्यांवर पोट भरतात, त्या गाड्या कुणाला बंद करायच्या हे ठरवताना समितीची बैठक, टिपण आणि कारणे मागणे हा घोळ नसतो. कारणे लिहावी लागली असती, तर बसचा प्रश्न तिथेच कुणीतरी विचारला असता.

दुसरा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, २ मे २०२२ चा, बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवरचा. न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती गवई यांनी सांगितले की शरीराच्या अखंडतेचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमात येतो आणि कुणालाही लस घेण्याची जबरदस्ती करता येणार नाही. इथेच थांबले असते तर लसविरोधकांना हा निकाल झेंडा म्हणून पुरला असता, आणि त्यांनी तसा तो फडकवलाही. पण निकाल पुढे म्हणतो की समाजाच्या आरोग्यासाठी सरकार या हक्कावर बंधने घालू शकते. मात्र त्या बंधनाला कायद्याचा आधार हवा, गरज खरी हवी आणि बंधन गरजेच्या प्रमाणात हवे. मग न्यायालयाने सरकारांना विचारले की लस न घेतलेल्याकडून होणारा प्रसार घेतलेल्यापेक्षा जास्त आहे, हे दाखवणारी माहिती कुठे आहे? ती कुणीच पुढे ठेवली नाही. म्हणून त्या घडीचे निर्बंध प्रमाणाबाहेरचे ठरले. हा निकाल लशीविरुद्ध नाही, तसा तो सरसकट सक्तीविरुद्धही नाही. त्याने पुराव्याचे ओझे सरकारच्या पाठीवर ठेवले, आणि ते तिथेच असायला हवे.

आता देवीकडे येऊ, कारण सक्तीवाद्यांचा हुकमी एक्का तोच. देवीच्या लशीचे सक्तीचे कायदे आपल्याकडे १८७७-८० पासून होते. मुंबई शहरासाठी वेगळा कायदा होता. कायदे होते आणि देवीही होती, जवळजवळ शंभर वर्षे. १९७४ साली बिहारमध्ये देवीने हाहाकार माजवला तेव्हाही लस कागदावर सक्तीचीच होती. रोग हटला तो कामाची पद्धत बदलल्यावर. सगळ्यांना टोचण्याचा आकडा गाठण्याऐवजी रुग्ण शोधायचा, त्याच्या घरावर पहारा बसवायचा आणि भोवतालच्या माणसांना ताबडतोब टोचायचे, अशी ती पद्धत. १९७३ च्या शरद ऋतूपासून हजारो कार्यकर्ते पुरळाचे चित्र हातात घेऊन दारोदार विचारत फिरले. मे १९७५ मध्ये आसामात देशातला शेवटचा रुग्ण सापडला.

या मोहिमेत जबरदस्ती झाली नाही असे म्हणणे खोटे ठरेल. बिहारात काही ठिकाणी पथके रात्री दार ढकलून घरात शिरली, लोकांना धरून टोचले. ते मला आजही समर्थनीय वाटत नाही. पण सक्तीवाद्यांनी त्या जबरदस्तीची मापेही पाहावीत. ती रुग्णाच्या घराभोवती होती, राज्यभर नव्हती. ती काही आठवड्यांची होती. आणि ती लस अशी होती की दुतोंडी सुईने दंडावर टोचे मारल्यावर आठवड्यात फोड उठला की लस लागली, नाही उठला की पुन्हा टोचायची. लस लागलेला माणूस रोग पुढे नेत नव्हता, हे दंडाकडे बघून कळत होते. कोविडच्या बाबतीत हातात होते ते क्यूआर कोड छापलेले प्रमाणपत्र. मे २०२१ मध्ये कांदिवलीतल्या एका सोसायटीत बनावट शिबिर भरले. लोकांनी पैसे मोजले, प्रमाणपत्रेही मिळाली, आणि पोलिसांच्या तपासात कुप्यांत सलाईन असल्याचे पुढे आले. ज्या कागदावर माणसाची रोजी अवलंबून ठेवली जाते, त्याचा बाजार बसतो, हे वेगळे सांगायला नको.

हेल्मेटचे उदाहरण मी एका वाक्यात सोडतो. ऑफिसात पोचल्यावर हेल्मेट काढून टेबलावर ठेवता येते.

सक्तीच्या बाजूचा खरा जड आधार अमेरिकेत आहे, आणि गंमत म्हणजे तो फारसे कुणी नीट वाचत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहरात १९०२ मध्ये देवीची साथ होती. हेनिंग जेकबसन नावाच्या पाद्र्याने लस नाकारली. त्याला दंड झाला, आणि १९०५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. अमेरिकेतले सक्तीचे कायदे या निकालाच्या खांद्यावर उभे आहेत. पण दंड किती होता? पाच डॉलर, एकदाच. जेकबसनला कुणी धरून टोचले नाही, त्याची भाकरी बंद केली नाही, त्याला गाडीतून उतरवले नाही. विधिमंडळाने केलेला कायदा होता, साथ शहरात होती, आणि ज्याच्या प्रकृतीला लस घातक ठरेल अशा माणसावर हा नियम लादणे क्रूरपणाचे होईल, असे न्यायमूर्ती हार्लन यांनी निकालातच बजावले होते.

बावीस वर्षांनी याच निकालाचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९२७ मध्ये व्हर्जिनियातल्या कॅरी बक या तरुणीची नसबंदी करायची की नाही, असा खटला आला. न्यायमूर्ती होम्स यांनी जेकबसनचा दाखला दिला आणि लशीची सक्ती ज्या तत्त्वावर टिकते त्या तत्त्वात बीजवाहिन्या कापणेही बसते, असे सरळ म्हटले. साथ नाही, शेजारी नाही, पाच डॉलर नाहीत. उरले फक्त ‘समाजाचे हित’. एवढे दोन शब्द पुरले.

हे अमेरिकेत घडले म्हणून आपण निर्धास्त व्हावे असे नाही. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरले नाही. त्या काळात देशभर नसबंदीच्या दाखल्यासाठी पगार अडवणे, सवलती थांबवणे हे मार्ग सर्रास वापरले गेले. आता नोव्हेंबर २०२१ आठवा. औरंगाबाद जिल्ह्यात निदान एक डोस घेतल्याचे दाखवल्याशिवाय रेशन, गॅस आणि पेट्रोल देऊ नये, असा जिल्हा प्रशासनाचा आदेश निघाला. ठाणे महापालिकेने डोस न घेतलेल्या कर्मचाऱ्यांचा पगार रोखण्याचे ठरवले. अवजारे तीच होती. ही अवजारे प्रशासनाच्या हाताला सवयीची आहेत, आणि रेशनच्या दुकानात एकट्यादुकट्याने तांदूळ मोजून घेणारी म्हातारी कुणाला किती लागण करणार होती, हा हिशेब कुणी मांडला होता? रँडची आणि पुण्याच्या प्लेगची आठवण मी इथे मुद्दाम काढत नाही. तो परका होता, म्हणून आपण फार लवकर सुटतो.

एवढे वाचून लसविरोधकांनी टाळ्या पिटू नयेत. सक्ती कधीच नको, असे माझे म्हणणे नाही. गोवराकडे पाहा. गोवर झालेले एक मूल, आजूबाजूला कुणाला प्रतिकारशक्ती नसेल तर, बारा ते अठरा जणांना गोवर देते. दोन डोसांनी बहुतेकांची लागणच टळते, म्हणजे प्रसारही थांबतो. आणि पहिला डोस नवव्या महिन्यानंतर असल्यामुळे सात महिन्यांच्या बाळाला स्वतःचे संरक्षण नसते. ते शेजारच्या मुलांच्या दंडावर अवलंबून असते. वस्तीतल्या शंभरपैकी पंचाण्णव मुलांना दोन डोस मिळाले, तरच ते बाळ सुरक्षित. शेजाऱ्याचा हक्क म्हणजे काय, ते इथे डोळ्यांना दिसते. उद्रेक चालू असताना, लस न घेतलेल्या मुलाला काही आठवडे शाळेपासून दूर ठेवायचे असा कायदा कुणी आणला, तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

पण कायदा आणण्याआधी २०२२ च्या हिवाळ्यात गोवंडीत काय झाले ते पाहावे लागेल. एम-पूर्व विभागात गोवराने मुले दगावली. तिथल्या वस्त्यांमध्ये मुलांचे डोस राहिले होते, त्याची कारणे आरोग्यसेविकांना तोंडपाठ होती. टाळेबंदीत बुडालेली सत्रे, गावी गेलेली आणि पत्ता बदलून परतलेली कुटुंबे, हरवलेली लसीकरण कार्डे, आधीच्या डोसानंतर आलेला ताप आणि त्यापायी बुडालेली दोन दिवसांची मजुरी. काही घरांत खरी भीती आणि नकारही होता. तिथे आरोग्यसेविकांबरोबर मौलवी आणि वस्तीतली जाणती माणसे गेली, तेव्हा दारे उघडली. या यादीत ‘आईबापांचा हट्ट’ हे एक कारण आहे, आणि सक्ती फक्त त्याच एका कारणावर चालते. हरवलेले कार्ड दंड करून सापडत नाही.

हट्ट आहे तिथेही विचारण्याचा सोपस्कार वगळता येत नाही. गोवर-रुबेलाच्या शाळांमधल्या मोहिमेत पालकांची संमती गृहीत धरायची, असे दिल्ली सरकारने ठरवले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते रद्द केले. मूल शाळेत आहे, म्हणून त्याच्या दंडावरचा हक्क शाळेकडे जात नाही.

शेवटचा मुद्दा पैशाचा, आणि माझ्या मते सक्तीवाद्यांची खरी परीक्षा तिथे आहे. कुठलीही लस लाखात एखाद्याला इजा करतेच. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने अशा माणसासाठी भरपाईची योजना केली. लशीच्या डोसावर, त्यातल्या प्रत्येक रोगामागे, ७५ सेंट कर लागतो आणि त्या निधीतून दोष कुणाचा हे सिद्ध न करताही भरपाई मिळते. समाजासाठी एकाने जोखीम उचलली, तर ती जोखीम समाजाने वाटून घ्यावी, असा साधा हिशेब. आपल्याकडे २०२१ मध्ये कोविड लशीसाठी असे काही नव्हते. डोसानंतर मुली गमावलेल्या आईबापांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्रात सांगितले की लस घेणे ऐच्छिक होते, कायद्याने कुणावर सक्ती नव्हती, भरपाई हवी असेल तर दिवाणी न्यायालयात जावे.

केंद्र वेगळे आणि राज्य वेगळे, हे मला कळते. पण ज्या नागरिकाला दादरच्या खिडकीवर शिक्का नाही म्हणून पास नाकारला गेला आणि औरंगाबादेत डोस नाही म्हणून रेशनसाठी परत पाठवले गेले, त्याला लस घेताना आपण ती स्वेच्छेने घेत आहोत असे वाटले असेल काय? पुढच्या साथीत ज्यांना हा नियम पहिल्या दिवसापासून हवा आहे, त्यांनी आदेशाचा मसुदा आत्ताच लिहून दाखवावा. लस प्रसार किती थांबवते याचे आकडे त्यात असावेत, साठा किती आणि पात्र माणसे किती हे असावे, आदेश कोणत्या तारखेला आपोआप संपेल ते असावे, आणि इजा झाली तर पैसे कोणत्या खात्यातून निघतील तेही असावे.